आमची वाटचाल: प्रदर्शनातल्या चौकशीपासून शेतातल्या फिल्टरपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही ठिबकच्या फिल्टरच्या जाळ्या बनवण्यापासून सुरुवात केली. आज सँड फिल्टर आणि हायड्रोसायक्लोनही आमच्याकडेच तयार होतात. आमची बरीच गिऱ्हाइकं कृषी प्रदर्शनातून जोडली गेली, पण स्टॉलवर नाही, नंतरच्या फोनवर.

स्टॉलवर नाव-नंबरासोबत आम्ही तीन गोष्टी लिहून घेतो: पाणी कुठलं, पंप किती एचपीचा आणि तक्रार नेमकी काय. संध्याकाळी स्टॉल आवरायच्या आधी प्रत्येक चौकशीपुढे बोलणं कुठे थांबलं तेही लिहितो, कारण दुसऱ्या दिवशी चेहरे एकमेकांत मिसळतात.

रावेरकडचे एक नाना आले होते. पाच एकर केळी, पाणी शेततळ्याचं. कुणीतरी त्यांना हायड्रोसायक्लोन बसवायला सांगितलं होतं. तो बोअरच्या पाण्यातली जड वाळू बाजूला काढतो. शेवाळ हलकं, ते त्यातून सरळ पुढे जातं. एवढं स्टॉलवर बोलणं झालं. प्रदर्शन संपल्यावर मी कोटेशन पाठवलं नाही, हा निरोप पाठवला:

"नाना, राम राम. प्रदर्शनात तुम्ही म्हणाला होता, जाळी दर दोन दिवसांनी हिरव्या चिकट थराने बुजते आणि शेवटच्या नळ्यांना पाणी पोचत नाही. लाईट असेल तेव्हा फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजचे फोटो पाठवाल का? एकदा जाळी धुण्याआधी, एकदा धुतल्यावर. आणि पंपाचं पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये सोडून तो किती सेकंदांत भरतो तेही कळवा. या आठवड्यात तुमच्याकडे लाईट दिवसाची की रात्रीची?"

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. रात्रपाळीची लाईट असली तर शेतकरी सकाळी झोपलेला असतो, तेव्हा फोन करू नये.

फोटो आले. धुण्याआधी गेज 2 आणि 1.2, धुतल्यावर 2 आणि 1.8. दाबातला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायला झाला असं आम्ही धरतो. इथे तो 0.8 होता. जाळीवर सगळा भार शेवाळाचाच होता. दोन्ही वेळा फरक कमी दिसला असता, तर दोष नळ्यांत किंवा ड्रिपरमध्ये निघाला असता आणि मी नानांना आधी नळ्यांची टोकं सोडून फ्लश करायला सांगितलं असतं, फिल्टर विकला नसता.

ड्रम 36 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी 20,000 लिटर. शेवाळ अडवायला सँड फिल्टर लागतो, आणि तो एकरावर नव्हे, या पाण्यावर निवडायचा. आम्ही ताशी 25,000 लिटरचा सुचवला, जुन्या जाळीच्या आधी बसवायचा, बॅकवॉशच्या व्हॉल्व्हसह. कोटेशन तेव्हा गेलं, आणि बघायला येण्याचा दिवस नानांच्या दिवसाच्या लाईटचा ठरला.

ज्यांचं उत्तर येत नाही त्यांना आम्ही आठवड्याने एक फोन करतो, मग थेट मृगबागेच्या लागवडीआधी. त्या वेळीही वहीतली त्यांची तक्रार आधी वाचून घेतो.