आमची वाटचाल : मशीनवाल्यांकडे अडलेलं काम

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करणं हे आमच्या फर्मचं मूळ काम. केंद्रावर काट्यावरून वजन येतं, तपासणीच्या मशीनमधून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन घटकांचं प्रमाण, येतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. एका दूध संघाचं मोठं काम मिळालं, तेव्हा संघाने काही केंद्रांवर नवीन मशीनं घेतली होती. ती संगणकाला आकडे पाठवत, पण कोणता आकडा कशाचा हे सांगणारा कागद मशीन कंपनी देईना. मेल गेले, फोन झाले. उत्तर एकच, "पुढच्या आठवड्यात देतो."

आकडे बघून अंदाज बांधता आला असता. गाईच्या दुधात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ सहज ओळखू येतं. प्रश्न नासक्या नमुन्याचा होता. तपासणी फसली की मशीन काय पाठवतं, हे कळल्याशिवाय उत्पादकाच्या पैशाला हात लावायचा नाही, यावर आम्ही ठाम होतो.

शेवटी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर ताईंनी थेट संघाच्या कार्यकारी संचालकांना पत्र लिहिलं. प्रकल्पाला मंजुरी त्यांची होती. मशीन कंपनीशी करारही संघाचा होता, आमचा नव्हे. त्यामुळे आमच्या तगाद्याला वजन नव्हतं. पत्र एका पानाचं. पहिलंच वाक्य : "साहेब, नवीन मशीनच्या केंद्रांचं काम थांबलं आहे आणि ते सुरू व्हायला आपला निर्णय हवा आहे." कंपनीबद्दल एकही कडू शब्द नाही. काय मागितलं, कधी मागितलं, काय उत्तर आलं, एवढंच.

त्यांनी उशिराचा हिशोब मांडला, तो मला फार मोलाचा वाटतो. संघाची बिलं दहा दिवसांची, म्हणजे नवी पद्धत १, ११ किंवा २१ तारखेलाच सुरू करता येते. कागद एक दिवस उशिरा आला, तरी काम दहा दिवस पुढे जातं. "महिनाअखेर होईल" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही.

पुढे दोन वाटा दिल्या होत्या. सगळी केंद्रं थांबवायची, किंवा जुन्या मशीनची केंद्रं ११ तारखेला सुरू करून नवीन ठिकाणी तोवर हाताने नोंद करायची. हाताच्या नोंदीत चुका होतील आणि पहाटेची रांग लांबेल, हेही स्पष्ट लिहिलं. ताईंचा कल दुसऱ्या वाटेकडे होता. मागणी एकच : साहेबांनी कंपनीच्या प्रमुखांशी स्वतः बोलून लेखी तारीख घ्यावी.

साहेबांनी त्याच दिवशी फोन केला आणि कागद मिळेपर्यंत मशीनचा शेवटचा हप्ता रोखला. कागद आला. त्यात कळलं की तपासणी फसली, तर हे मशीन आधीच्या नमुन्याचेच आकडे पुन्हा पाठवतं, फक्त शेवटचं अक्षर बदलतं. अंदाजावर गेलो असतो, तर एकाच्या दुधाचा दर दुसऱ्याला लागला असता.

आता आमच्या प्रत्येक करारात मशीनचा हा कागद ग्राहकाने काम सुरू होण्याआधी द्यायचा असतो.