पी-व्हॅल्यूच्या शेजारचा रकाना: माझा अनुभव

प्रबंधातल्या निकालांच्या प्रकरणातला माझा एक तक्ता बरोबर असूनही छाननीत अडकला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट होते, प्रत्येकी 800 जणांचे. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत मीठ कमी करण्याचं समुपदेशन. शेवटी वरच्या रक्तदाबाची सरासरी 136.0 आणि 134.2 आली. प्रमाण विचलन दोन्हीकडे 14, पी-व्हॅल्यू 0.010. आमच्याकडे अशा आकड्यावर तारा काढून ‘लक्षणीय फरक’ लिहायची पद्धत आहे. मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं, म्हणून प्रत्येक सरासरीचा आणि फरकाचाही 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला.

शेरा आला: “135.0 ते 137.0 आणि 133.2 ते 135.2 हे इंटरव्हल एकमेकांवर चढतात, मग पी 0.05 च्या खाली कसा? तक्ता दुरुस्त करा.” समजावून सांगितलं, तरी तक्ता तोच शेरा घेऊन परत आला. शेवटी आकडेमोडच कागदावर मांडून दिली. प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी साधारण 0.5 आहे. फरकाची त्रुटी काढताना या दोन त्रुटींची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात. म्हणून ती 1.0 नव्हे, 0.7 येते. फरक 1.8, त्याचा इंटरव्हल 0.4 ते 3.2, आणि त्यात शून्य नाही. गटांचे इंटरव्हल थोडे एकमेकांवर चढले तरी फरक लक्षणीय असू शकतो. बघायचा तो फरकाचा इंटरव्हल. हे कागदावर दिसल्यावरच तक्ता पुढे सरकला.

एसपीएसएस वापरत असाल तर तो इंटरव्हल टी-टेस्टच्या त्याच तक्त्यात उजव्या टोकाला असतो. कॉपी करताना लोक तोच कापतात. आणि जुन्या आवृत्तीत `Sig. (2-tailed)` खाली .000 दिसलं तर ‘पी < 0.001’ लिहा, शून्य नव्हे.

आता मुद्द्याचं. किमान 5 मिमी उतार पडला तरच समुपदेशन उपयोगी मानायचं, असं आम्ही आकडे हाती येण्याआधीच ठरवलं होतं. इंटरव्हलचं वरचं टोक 3.2, म्हणजे फरक खरा असला तरी आमच्या कसोटीला पुरत नाही. मी तसंच लिहिलं. कोहेनचा डी 0.13 आला, तोही दिला. पण मिमीतला फरक वाचणाऱ्याला थेट कळतो, म्हणून तो आधी.

याच्या उलटही घडलं. मधुमेह असलेल्यांच्या उपगटात दोन्हीकडे 20-20 जणच होते. तिथं फरक 6 मिमी, पी 0.18, इंटरव्हल उणे 3 ते 15. इथं ‘परिणाम नाही’ लिहायचा आग्रह झाला. मी नकार दिला, कारण 15 मिमी फायद्याची शक्यता त्या इंटरव्हलमध्ये उघड दिसते. ‘एवढ्या नोंदींवरून सांगता येत नाही’ हे वाक्य ठेवलं, आणि ते तसंच छापलं गेलं.