‘फीडबॅक अवेटेड’ आणि शुक्रवारची मुदत

‘फीडबॅक अवेटेड’ हे दोन शब्द कुठेही दिसले की अजून डोकं फिरतं माझं.

मी टेस्टिंगमध्ये आहे, पुण्यात. एका कंपनीचं ऑफर लेटर सोमवारी हातात आलं, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ऍक्सेप्ट करा नाहीतर ऑफर रद्द. आणि मला जी खरंच हवी होती (घरापासून वीस मिनिटं, हिंजवडीचा जाम नाही) तिथले तिन्ही राउंड होऊन नऊ दिवस झाले होते. इंटरव्ह्यू सगळे छान झाले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सोमवारी रात्रीच मेल लिहिला. विषयातच तारीख टाकली. आत एवढंच, की दुसरीकडची लेखी ऑफर आहे, शुक्रवारी संपते, मला तुमच्याकडेच यायचंय, गुरुवारपर्यंत हो किंवा नाही काहीही कळलं तर बरं होईल. दुसऱ्या कंपनीचं नाव नाही, आकडा नाही. नवरा म्हणाला, ‘बुधवारच सांग की, घाबरून लवकर करतील.’ मी नाही सांगितलं, आणि ते किती बरं झालं ते पुढे कळेल.

आता खरा घोळ. मला इथे एका कन्सल्टन्सीमार्फत पाठवलं होतं, म्हणून मेल तिथल्या रिक्रूटरला गेला. मंगळवारी उत्तर आलं, ‘नोटेड’. संध्याकाळी फोन केला तर म्हणते, फीडबॅक अवेटेड आहे, फॉलोअप करते. बुधवारी दुपारी अकरा-बाराच्या मीटिंगमधून बाहेर आले तर थेट कंपनीच्या एचआरचा मिस्ड कॉल. जिन्यात उभी राहून परत लावला, आणि पहिलंच वाक्य काय, ‘मॅडम, तुम्हाला पॅकेज वाढवून हवंय असं कळलं.’ मी कुठे म्हटलं! रिक्रूटरने माझा मेल पुढे पाठवलाच नव्हता, स्वतःच्या शब्दांत ‘कँडिडेटला जास्तीची ऑफर आलीये’ असं कळवलं होतं, आणि तिकडे सगळ्यांनी समजून घेतलं की ही बाई आता घासाघीस करणार.

मी शांतपणे (शांतपणे कसलं, जिन्यात आवाज घुमत होता) सांगितलं, पहिल्या कॉलला जो एक्स्पेक्टेड सांगितला तोच आजही आहे, मला फक्त तारखेची अडचण आहे. तर म्हणाली, मग ऑफर लेटर पाठवा. त्या लेटरवर हे गोपनीय आहे, कुणाला दाखवू नका असं स्पष्ट लिहिलेलं. तसं सांगितलं, आणि म्हटलं की मुदतीची ओळ आणि तारीख तेवढी दिसेल असा स्क्रीनशॉट देते, नाव आणि आकडे झाकून. ती तयार झाली. आता विचार करा, नवऱ्याचं ऐकून बुधवार लिहिलं असतं तर काय दाखवलं असतं?

स्क्रीनशॉट गेल्यावर तिचा सूरच बदलला. म्हणाली, पॅनेलचा होकार आठवड्यापूर्वीच आलाय, फक्त पगाराचं अप्रूव्हल वरच्या साहेबांकडे अडकलंय आणि ते टूरवर आहेत. ‘आता तारीख आहे तर मी त्यांना फोन करू शकते, नाहीतर आमच्याकडे कुणालाच घाई नसते.’ म्हणजे नऊ दिवस जो ‘फीडबॅक’ अवेटेड होता तो कधीच येऊन पडला होता!

म्हणून, मधे कन्सल्टन्सी असेल तर पहिल्या राउंडलाच कंपनीच्या एचआरचा मेल आयडी घेऊन ठेवा आणि असा मेल दोघांना एकदम पाठवा. आणि हे चाललं कारण माझं फक्त अप्रूव्हल बाकी होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी दोन राउंड बाकी असताना मी हेच सांगितलं होतं, तिथून सरळ उत्तर आलं, ‘तुम्ही तिकडचं घ्या.’ वाईट वाटलं, पण निदान कळलं तरी.

गुरुवारी पहिल्या कंपनीलाही फोन केला, एका ठिकाणचा निर्णय बाकी आहे, सोमवारपर्यंत वेळ मिळेल का विचारलं. थोडं नाक मुरडून सोमवारी दुपारी बारापर्यंत दिला. हे खरं तर मी लेटर आलं त्याच दिवशी विचारायला हवं होतं, शेवटच्या क्षणी मागताना जीव वर-खाली होतो.

शुक्रवारी पाचला एचआरचा फोन, ‘अप्रूव्ह झालंय, झालं असंच समजा.’ मी काही समजले नाही. तोंडी होकारावर हातातलं लेटर सोडायचं नाही, एवढं शहाणपण होतं. शनिवार-रविवार मेल रिफ्रेश करण्यात गेले. सोमवारी दहा पन्नासला लेटर आलं, आकडा, फिक्स्ड-व्हेरिएबल आणि जॉइनिंगची तारीख तीनदा वाचली, सही करून पाठवलं आणि मग पहिल्या कंपनीला फोन करून नाही सांगितलं. बाराच्या आत.

सव्वाबाराला कन्सल्टन्सीच्या बाईंचा मेसेज आला, ‘अभिनंदन! म्हटलं होतं ना, मी फॉलोअप करते.’