बाण मागे कसा गेला?

पेपर तपासत होते. प्रश्न असा की शेतातल्या खतापासून तळ्यातले मासे मरेपर्यंतच्या घटना ओघतक्त्यात दाखवा, मार्क चार. ओघतक्ता म्हटलं की निम्मी मुलं चौकटीत नुसती नावं भरतात, खत, शैवाल, मासे, मध्ये बाण काढले की झालं. अरे पण खताचं झालं काय? चौकटीत घटना हवी, "पावसाने खत वाहून तळ्यात आलं", "शैवाल भराभर वाढलं" अशी.

मी तपासताना प्रत्येक बाणावर मनात "म्हणून" म्हणते. शैवाल वाढलं म्हणून पाण्यावर थर आला, म्हणून खाली उजेड पोचेना, म्हणून तळातल्या वनस्पती मेल्या, इथवर ठीक. पुढे बरेच जण थेट "मासे मेले" लिहून मोकळे. वनस्पती मेल्या म्हणून मासे मेले? इथे "म्हणून" अडतं, म्हणजे मधली चौकट गायब आहे. मेलेलं सगळं कुजवणारे जीवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते वापरून टाकतात. डोळ्यांना न दिसणारी पायरी हीच, आणि सुटते पण हीच.

एका मुलीने मात्र कमाल केली. "शैवाल वाढलं" या चौकटीतून तिने दोन बाण काढले होते. एक नेहमीचा, उजेड अडण्याचा. दुसरा "रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, शैवालाचं श्वसन चालूच" या चौकटीकडे. दोन्ही वाटा "ऑक्सिजन घटला" इथे येऊन मिळाल्या होत्या. हे बरोबरच आहे, अशा तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते तेव्हाच. आणि "मासे मेले" मधून तिने एक बाण मागे जीवाणूंकडे नेला होता. मेलेले मासेही कुजतातच की, उरलासुरला ऑक्सिजनही जातो.

आमच्या सरांनी फेरतपासणीत तिचे दोन मार्क कापले. नमुना उत्तरात सरळ रेघ आहे, सहा चौकटी, आणि सर त्या चौकटी मोजतात, बाण वाचत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, शेवट विचारलाय, शेवटातून बाण मागे जातो कसा?"

चारपैकी चार द्या म्हणून मी भांडले, शेवटी तीनवर मिटलं. पण त्यांचा मुद्दाही अगदीच फालतू नव्हता. प्रश्नात "शेवटचा परिणाम" असं लिहिलं होतं, आणि फिरत राहणाऱ्या चक्राला शेवटची चौकट कुठली म्हणायची? जीवाणूंची चौकटच न काढणाऱ्या एका मुलालाही तीनच मिळालेत, कारण त्याच्या चौकटी सहा भरल्या, "खत टाकलं" आणि "खत मातीत गेलं" अशा वेगळ्या करून. हे काही केल्या पटत नाहीये. पुढच्या पेपरात चौकटींचे मार्क काढून बाणांना द्यावेत असं सुचवणार आहे, सर काय म्हणतील ते माहितीये.