अर्धं वर्ष रजेवर असलेल्या सहकारी मुलीचं अप्रेझल लिहिताना

वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये ग्रुप लीडर आहे. एप्रिल उजाडला की अप्रेझलचे फॉर्म उघडतात. गेल्या खेपेला माझ्या गटातली एक अॅनालिस्ट चवथीच्या आधी, ऑगस्टच्या मध्यावर बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि २६ आठवडे भरून फेब्रुवारीच्या मध्यावर परत आली होती. तिचा फॉर्म उघडला तर सिस्टमने आकडा काढून ठेवलेला: उद्दिष्ट ३६० सॅम्पल, झाले १७१, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. शेजारी लाल खूण.

आकडा खोटा नव्हता, पण मापच चुकीचं होतं. सिस्टमला हजेरी ठाऊक नसते, तिला फक्त बारा महिने कळतात. महिन्याला तीस सॅम्पल धरले, तर सहा महिन्यांचे होतात १८०. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण परत आल्यावर तिला लगेच सॅम्पल देता आले नव्हते. मधल्या काळात दोन पद्धती बदलल्या होत्या, आणि आमच्याकडे एवढ्या मोठ्या रजेनंतर पुन्हा पात्रता चाचणी दिल्याशिवाय अॅनालिस्टला निकालावर सही करता येत नाही. फेब्रुवारीचा उरलेला पंधरवडा त्यातच गेला. जे काम आम्हीच तिला करू दिलं नाही, ते तिच्या खात्यावर कसं मांडायचं? तो काळ वगळला की उद्दिष्ट उरतं १६५, आणि तिचे १७१.

गुणवत्तेचं मात्र असं प्रमाण काढायचं नसतं, तिथे दर बघायचा. चुकीमुळे पुन्हा कराव्या लागलेल्या चाचण्या होत्या ३. आदल्या वर्षी ३५२ सॅम्पलांत ७ होत्या. दोन्ही वर्षी शंभराला साधारण दोन. नुसतं ‘यंदा चुका निम्म्यावर आल्या’ असं लिहिलं असतं, तर तेही फुकटचं कौतुक झालं असतं.

खरा गुंता होता तो एका पद्धतीच्या व्हॅलिडेशनचा. प्रोटोकॉल तिने लिहिला, पहिल्या तीन चाचण्या तिने केल्या. उरलेलं काम आणि अहवाल दुसऱ्या सहकाऱ्याने नोव्हेंबरात पूर्ण केला. अहवालावर नाव त्याचं, म्हणून श्रेय सगळं त्याला जाणार अशी चिन्हं होती. मी जुने रजिस्टर काढून तारखा जुळवल्या आणि दोघांच्याही फॉर्मवर आपापला वाटा स्वतंत्र लिहिला. शिवाय रजेआधी तिने लिहून ठेवलेली हस्तांतराची टिपणं त्याला उपयोगी पडली, हे त्यानेच सांगितलं. तेही तिच्या शेऱ्यात गेलं.

शब्दांवरही बराच वेळ गेला. ‘दीर्घ रजेमुळे उद्दिष्ट अपूर्ण’ हे वाक्य आमच्याकडे सर्रास चालतं. ते टाळलं. पण ‘घर-बाळ सांभाळूनही छान काम केलं’ हेही टाळलं. हेतू चांगला असला तरी त्यातही मूल्यमापन रजेचंच होतं. फॉर्मच्या वर एवढंच लिहिलं: ‘मूल्यमापनाचा काळ: एप्रिल ते ऑगस्टचा मध्य, आणि मार्च.’ कारणाचा उल्लेख कुठेच नाही.

उणीव होती, ती लिहिली. जुलैच्या अंतर्गत ऑडिटमध्ये उपकरणाच्या लॉगबुकात तिच्या चार नोंदी उशिरा केलेल्या सापडल्या होत्या. औषधांच्या लॅबमध्ये काम झालं की त्याच वेळी नोंद व्हायलाच हवी. दया म्हणून ते गाळलं असतं, तर बाकीच्या चांगल्या शेऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

मग रेटिंगच्या बैठकीत अपेक्षित प्रश्न आलाच: “सहा महिने नव्हती, तिला ‘उत्तम’ कसं देता?” मी हिशेबाचा कागद पुढे केला. “ती होती तेव्हा काम कसं केलं, याचं हे रेटिंग आहे साहेब. किती महिने होती, ते हजेरीत आहे.” एचआरच्या मॅडमनी दुजोरा दिला. मूल्यमापनाच्या शेऱ्यांबद्दल मातृत्व लाभाविषयीचा कायदा थेट काही सांगत नाही, पण या रजेवर असताना नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या करता येत नाहीत हे त्यात स्पष्ट आहे, असं त्या म्हणाल्या. बोनसचा हिशेब धोरणानुसार वेगळा होईल, पण त्यासाठी रेटिंग खाली ओढायचं नाही. साहेबांना पटलं असं वाटलं नाही, पण रेटिंग टिकलं.

चर्चेला बसलो तेव्हा तिने सगळा फॉर्म वाचला आणि बोट ठेवलं ते लॉगबुकवर. “सर, त्यातली एक नोंद माझी नाही, त्या दिवशी मी नाइटला होते.” शिफ्टचा तक्ता काढून पाहिला. तिचं खरं होतं. चाराचे तीन केले, आणि मग तिने सही केली.