वहिनी उतरल्या, मग कोळंबी

लोकांच्या घरी जाऊन छोट्या प्रसंगांचा स्वयंपाक करून देणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस डोंबिवलीतील एका दादांनी लग्नाच्या २५व्या वाढदिवसासाठी मला बोलावले. त्यांच्या पत्नी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका आहेत. त्या साडेआठला घरी पोहोचणार होत्या आणि सातच्या आधी घराची किल्ली मला मिळणार नव्हती. "ताई, जेवण झाल्यावर तिला भांड्यांचा ढीग दिसता कामा नये, एवढंच सांभाळा," असे त्यांनी बजावले होते. मोलकरीण दुसऱ्या दिवशी रजेवर होती.

१ जूनपासून किनाऱ्यावर मासेमारीची बंदी सुरू होते, म्हणून त्याआधी वहिनींच्या आवडीचा कोळंबीभात व्हावा, ही दादांची इच्छा. सोबत सोलकढी आणि शेवटी फ्रिजमध्ये गार केलेला हापूस, असा बेत मी ठरवला. दीड तासात गोड पदार्थ शिजवून गार करण्यात अर्थ नसतो. मोसमातला पिकलेला आंबा कापला की काम झाले.

घरात पाऊल टाकताच पहिला खोळंबा समोर आला. मी सोललेली कोळंबी सांगितली होती, पण पिशवीत अर्धा किलो कोळंबी डोक्या-कवचासकट होती. आधी वाटीभर बासमती धुऊन भिजत घातला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कोळंबी सोलायला बसले. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायलाच हवा, नाहीतर खाताना रेती कचकचते. या कामात वीस-बावीस मिनिटे गेली. साफ केलेल्या कोळंबीला हळद, मीठ आणि लिंबू लावून ती फ्रिजमध्ये ठेवली.

कवचे मात्र मी टाकली नाहीत. भात करायच्याच जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर ती केशरी होईपर्यंत परतली, अडीच वाट्या पाणी घालून दहा मिनिटे उकळली आणि पाणी गाळून घेतले. फार वेळ उकळली तर पाण्याला कडवटपणा येऊ शकतो. त्या संध्याकाळच्या भाताला जी चव आली ती या पाण्यामुळे, असे मी खात्रीने सांगते. सोललेली कोळंबी आणली असती तर ती आलीच नसती.

भांडी कमी लागतात ती कामाच्या क्रमामुळे. मिक्सरच्या भांड्यात आधी सोलकढीसाठी ओले खोबरे, एक मिरची आणि लसणाच्या दोन पाकळ्या कोमट पाण्यात वाटून दूध पिळून घेतले आणि ते थेट वाढायच्या तांब्यात गाळून त्यात आगळ मिसळले. आगळात मीठ असते, म्हणून चव पाहिल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये. भांडे न धुता त्याच भांड्यात आले, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीचे वाटण केले. खोबऱ्याचा जो अंश चिकटला होता तो वाटणातच गेला. शेवटी भांडे कवचांच्या पाण्यानेच विसळून ते भातात ओतले.

पातेल्यात कांदा परतून, वाटण व तांदूळ घालून, दोन वाट्या पाण्यात भात शिजत आला, तेव्हा सव्वाआठ झाले होते. इतक्यात वहिनींचा फोन आला की गाडी कळव्याच्या अलीकडे थांबली आहे. मी गॅस बंद केला. भाताच्या पृष्ठभागावर बारीक भोके पडली होती आणि तळाशी थोडा ओलावा होता, तिथेच झाकण ठेवून भात थांबवला. भात वाट पाहू शकतो, कोळंबी पाहू शकत नाही. ती आधी घातली असती तर त्या येईपर्यंत रबरासारखी झाली असती. म्हणून दादांना सांगितले, "वहिनी स्टेशनवर उतरल्या की मला सांगा, आधी नको."

त्या उतरल्याचे पावणेनऊला कळले. स्टेशनपासून घर चालत दहा मिनिटांवर होते. कोरडा तवा तापवून त्यावर पातेले ठेवले, कोळंबी भाताच्या मधल्या थरात पुरली, उरलेले दोन-तीन चमचे पाणी शिंपडले आणि घट्ट झाकण लावून मंद आचेवर सात मिनिटे वाफ दिली. झाकण उघडून एक कोळंबी काढून पाहिली. ती धनुष्यासारखी सैल वाकलेली, बाहेरून गुलाबी आणि आतून पांढरी झाली होती. ती गच्च गोल वळली असती तर जास्त शिजली आणि मधे काचेसारखी दिसली असती तर कच्ची राहिली, असे मी धरते.

तेवढ्यात बेल वाजली. दादांनी दार उघडले. वहिनी पर्स हातातच धरून थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "कोळंबीभात? आज?" दादा काही बोलले नाहीत, त्यांनी पातेले तव्यासकट टेबलावर नेले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात पहिला भात वाढला. कवचांची पुडी वर्तमानपत्रातच बांधून मी बरोबर घेतली, कारण मेच्या उकाड्यात ती रात्रभर घरात राहिली असती तर वास सुटला असता. मिक्सरचे भांडे, गाळणी, सुरी आणि पाट मी विसळून ठेवले होते. निघताना धुवायचे राहिले होते ते फक्त पातेले, सोलकढीचा तांब्या आणि त्या दोघांची ताट-वाटी.