लांबी जुळते, वजन जुळत नाही

“एवढ्याशा पायांना बूट मिळतात कुठे तुम्हाला? लहान मुलांचेच घेता का?”

बरेचदा हो, पण सगळे नाही. कुठले घ्यायचे आणि कुठले नाही, हे माझं आता पक्कं ठरलेलं आहे.

माझा उजवा पाय २१.६ सेंटीमीटर आहे, डावा त्याहून तीन मिलिमीटर कमी. आपल्याकडे बायकांच्या बुटांचे नंबर बहुतेक दुकानांत तीन किंवा चारपासून सुरू होतात. तीन नंबरमध्ये माझ्या बोटांपुढे दोन सेंटीमीटर मोकळे राहतात. एवढी जागा राहिली की पाय चालताना पुढे घसरतो, टाच सुटते, आणि बूट पायातून जाऊ नये म्हणून बोटं आपोआप आत वळून धरून ठेवतात. संध्याकाळी पोटऱ्या आणि तळवे भरून येतात ते त्यामुळे. बूट “जरासा मोठा” असल्याचं ओळखायचं लक्षण हेच.

लहान मुलांचे बूट चालतात याचं कारण नंबरांच्या मोजणीत आहे. आपण वापरतो ते ब्रिटिश नंबर. त्यात एका नंबरानं लांबी इंचाच्या एक तृतीयांशानं वाढते, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरनं. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तेरानंतरचा हा एक, दोन, तीन म्हणजे मोठ्यांचेच नंबर. त्यामुळे तिसरी-चौथीतल्या मुलाचा दोन नंबर आणि बाईचा दोन नंबर यांची लांबी कागदावर एकच असते. ज्या साच्यावर हा बूट चढवतात तो बरोबर नऊ इंचांचा, म्हणजे जवळजवळ २२.९ सेंटीमीटरचा. माझ्या २१.६ च्या पायापुढे त्यात सव्वा सेंटीमीटर उरतो, आणि चालायला तेवढाच लागतो. कंपनीगणिक थोडा फरक पडतोच, म्हणून हा हिशोब फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

ऑनलाइन घेताना एक काळजी घ्या. दोन नंबर तान्ह्या बाळांच्या बुटांनाही असतो, तो बारा सेंटीमीटरच्या आसपासचा. अमेरिकन कंपन्यांचे मुलांचे आणि बायकांचे नंबर तर वेगवेगळ्या मोजणीचे असतात. म्हणून नंबर बाजूला ठेवून सेंटीमीटरचा तक्ता बघायचा. पाय मोजायचा तो संध्याकाळी, उभं राहून. भिंतीला टाच टेकवा, खाली कागद ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

इथवर लांबी झाली. खरी भानगड पुढे आहे. मुलांच्या बुटाचा साचा मुलाच्या पायावरून घेतलेला असतो. त्या वयात चवड्याच्या मानानं टाच बारीक असते, आणि पायाचा वरचा उंचवटाही कमी असतो. पन्नाशीतल्या बाईचा पाय तेवढाच लांब असला तरी त्याची घडण वेगळी असते. म्हणून बुटात पाय घातल्यावर मी तीन गोष्टी पाहते. पहिली, पट्टा किंवा लेस वरून सहज बसते का. पट्टा ताणून शेवटच्या टोकाला लावावा लागला, तर संध्याकाळी पायावर वळ उठणार. दुसरी, बूट वाकतो कुठे. चवड्यावर उभी राहिले की बूट माझ्या चवड्यापाशीच दुमडायला हवा. तो त्याच्या पुढे किंवा मागे वाकला, तर लांबी कितीही बरोबर असो, बूट माझा नाही. तिसरी, आतला सुकतळा काढता येत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभी राहते. पाय कडेनं बाहेर आला तर बूट अरुंद आहे. आपल्या लोकांचे पाय रुंद असतात, आणि चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पाहणीतही तेच दिसलं. त्यामुळे रुंदीची ही परीक्षा चुकवू नका.

दुकानात आणखी एक सांगावं लागतं. मुलांचा विभाग सांभाळणारा भाऊ सवयीनं म्हणतो, “एक नंबर मोठा घ्या ताई, वर्षभर जाईल.” वाढत्या पायासाठी ते ठीक आहे. माझा पाय आता वाढायचा नाही.

या परीक्षांत पास होऊन माझ्याकडे जे रुजलंय ते म्हणजे शाळेचे काळे लेसवाले बूट. कार्यालयात सलवारखाली किंवा पॅंटखाली ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत, किंमत बायकांच्या फॉर्मल बुटांहून कमी असते, आणि दणकट असतात, कारण ते ग्राउंडावर रगडले जाणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी दुकानांत सगळे नंबर भरलेले असतात, तेव्हाच घ्यायचे. पावसाळ्यातले रबरी बूट, पोहण्याच्या तलावावरच्या चपला, वेल्क्रोचे सँडल, कॅनव्हासचे बूट, हेसुद्धा मी मुलांचेच घेते. यात पायावर पडणारा भार थोडा वेळ असतो किंवा बूट तसाही पातळच असतो.

भाराचा प्रश्न येतो तो धावायच्या आणि दिवसभर उभं राहायच्या बुटांत. मुलांच्या स्पोर्ट्‌स शूजमधला फोम साधारण पंचवीस-तीस किलोच्या मुलाला धरून बनवलेला असतो. त्यावर पन्नास-पंचावन्न किलोचं माणूस उभं राहिलं की तो लवकर चेपतो. ओळखायचं कसं? बूट समोर ठेवून मागून पाहा. बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतील, किंवा टाच एका अंगाला कलली असेल, तर आतला आधार संपला, वरून बूट नवा दिसत असला तरी. ज्यांना आठ तास उभं राहायचं आहे, ज्या रोज लांब चालतात किंवा ट्रेकला जातात, त्यांनी मुलांचा बूट घेऊ नये. बायकांच्या बुटांत युरोपियन ३४ किंवा ३५ नंबर शोधावा. काही कंपन्या बनवतात, पण ते दुकानात मांडलेले नसतात, मागवावे लागतात. जपानी बुटांवर नंबर थेट सेंटीमीटरमध्ये असतो, त्यामुळे तिथे शोधणं सोपं जातं. आणि कारखान्यात पायावर जड काही पडण्याचा धोका असेल तर सेफ्टी शूजला मुलांचा पर्याय नाहीच, पुढची लोखंडी टोपी त्यात नसते. मालकाकडून लहान नंबर मागवून घ्यायचा.

मोठ्या बुटात जाड सुकतळा घालावा का, असंही विचारतात. सुकतळ्यानं बुटाची उंची आणि रुंदी भरते, लांबी नाही. अर्धा नंबर ढिला असेल तर तो आणि टाचेमागची चिकटपट्टी मिळून भागतं. पूर्ण नंबरानं मोठा असेल तर बूट वाकतोच चुकीच्या जागी, आणि त्यावर सुकतळ्याचा इलाज नाही.

लग्नकार्यात साडीखाली काय घालायचं हा प्रश्न मी कोल्हापुरीवर सोडवला. हाती बनवणारे कारागीर पायाचा कागदावरचा आराखडा घेऊन चप्पल करून देतात. आराखडा काढताना पेन्सिल सरळ उभी धरावी, तिरकी धरली तर पाय कागदावर जाड किंवा बारीक उतरतो. अंगठ्याची जागा वेगळी खुणावून द्यावी, आणि नवीन चामडं वापरून सैल पडतं म्हणून पट्टा सुरुवातीला थोडा घट्टच ठेवायला सांगावा.